एका गर्भवतीच्या तीन तारखा: आज नक्की किती आठवडे?

"मॅडम, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर नवीनच एएनएम म्हणून लागले. माझ्याकडची एक गर्भवती शेवटची पाळी 23 ऑगस्ट 2025 ची सांगते. कार्डावर प्रसूतीची तारीख 30 मे लिहिलेली आहे. 6 नोव्हेंबरच्या सोनोग्राफीत 10 जून आली आणि 12 मार्चच्या सोनोग्राफीत 18 जून. आज 20 एप्रिल आहे. रजिस्टरला किती आठवडे लिहू? पाळीवरून आणि प्रसूतीच्या तारखेवरून आठवडे कसे काढायचे तेही एकदा नीट सांगा."

ताई, 10 जून ही तारीख पक्की धरा आणि आज 32 आठवडे 5 दिवस लिहा. बाकीच्या दोन तारखा वाचता येतील अशाच राहू द्या, पण आठवडे त्यांच्यावरून मोजू नका. असं का, ते हिशेब करतच सांगते.

आधी पाळीवरून. गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्या दिवशी गर्भ राहिलेला नसतो, तो साधारण दोन आठवड्यांनी राहतो. पण गर्भ कधी राहिला ते कोणाला सांगता येत नाही आणि पाळी कधी आली ते सांगता येतं, म्हणून मोजणी तिथून सुरू होते. पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस, म्हणजे बरोबर 40 आठवडे झाले की ती प्रसूतीची अपेक्षित तारीख.

महिना म्हणजे चार आठवडे असं धरून गुणाकार करू नका. हातावर कागद घ्या आणि महिन्यागणिक दिवस मिळवत जा. 23 ऑगस्टपासून महिनाअखेरपर्यंत 8 दिवस उरले. त्यात सप्टेंबरचे 30 मिळवले की 38, ऑक्टोबरचे 31 की 69, नोव्हेंबरअखेर 99, डिसेंबरअखेर 130, जानेवारीअखेर 161, फेब्रुवारीअखेर 189, मार्चअखेर 220 आणि एप्रिलचे 20 की 240. आता 240 ला 7 ने भागा. 34 चा भाग जातो आणि 2 उरतात. म्हणजे पाळीवरून आज 34 आठवडे 2 दिवस. याच ओळीत पुढे गेलात तर एप्रिलअखेर 250 होतात आणि 30 मेला बरोबर 280. कार्डावर कोणी 30 मे लिहिली तिचा हिशेब चुकलेला नाही, हे आधी लक्षात घ्या.

चारने गुणायची सवय किती महागात पडते ते याच बाईवर बघा. 23 एप्रिलला तिला पाळीवरून आठ महिने पूर्ण होतील. आठ चोक बत्तीस म्हणून 32 आठवडे लिहिले जातात. दिवस मोजले तर ते 243 भरतात, म्हणजे 34 आठवडे 5 दिवस. जवळजवळ तीन आठवड्यांचा फरक नुसत्या गुणाकाराने पडला. त्यातून घरचे लोक "आठवा लागला" असं सांगतात. आठवा लागला म्हणजे सात पूर्ण झाले. महिन्याची भाषा घरी चालू द्या, रजिस्टरमध्ये मात्र पूर्ण झालेले आठवडे आणि वरचे दिवस लिहा. 32 आठवडे 5 दिवस म्हणजे तेहतिसावा चालू आहे, पण लिहायचं 32 आणि 5. जवळचा आकडा म्हणून 33 करायचं नाही.

प्रसूतीची तारीख काढायला आपल्याला ट्रेनिंगमध्ये शिकवतात ती रीत म्हणजे नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. रीत चांगली आहे. 23 ऑगस्टला ती बरोबर 30 मे देते. पण महिने सारख्या लांबीचे नसल्यामुळे कधी कधी ती दोन-तीन दिवस पुढे जाते. 10 मे 2025 ला पाळी आलेली असेल तर या रीतीने 17 फेब्रुवारी येते आणि दिवस मोजले तर 14 फेब्रुवारी. तीन दिवसांनी तसं आभाळ कोसळत नाही. पण एकीने रीतीने काढली, दुसरीने मोबाईलवर काढली आणि मग दोघी भांडत बसल्या, हे मी पाहिलेलं आहे. महिनाअखेरची तारीख असेल, समजा 31 मे, तर आधी सात दिवस मिळवा आणि मग महिने, नाहीतर 31 फेब्रुवारी शोधत बसाल.

पडताळ्याची एक सोपी खूण सांगते, ती सहसा कोणी शिकवत नाही. 280 ला सातने पूर्ण भाग जातो, म्हणून पाळीचा वार आणि प्रसूतीच्या तारखेचा वार एकच यायला हवा. 23 ऑगस्ट 2025 शनिवार होता आणि 30 मे 2026 सुद्धा शनिवारच आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये बघा. वार जुळला नाही तर कुठेतरी दिवस इकडे-तिकडे झाले आहेत. आणि त्या बाईचा नवा आठवडा दर वेळी त्याच वारी लागतो.

आता उलटा हिशेब, प्रसूतीच्या तारखेवरून. हा जास्त कामाचा आहे, कारण एकदा तारीख पक्की झाली की पुढे पाळीकडे बघायचंच नाही. आजपासून त्या तारखेपर्यंत किती दिवस उरले ते मोजा आणि 280 मधून वजा करा. 20 एप्रिलपासून एप्रिलचे 10, मेचे 31 आणि जूनचे 10, असे 51 दिवस उरले. 280 मधून 51 गेले, 229 राहिले. सातने भागले की 32 आणि वर 5. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथून आलं. वाराने पडताळा घ्या: 10 जून बुधवार आहे. गेल्या बुधवारी, 15 एप्रिलला, बरोबर 32 आठवडे पूर्ण झाले आणि आज सोमवार, म्हणजे वर पाच दिवस.

यादी एक्सेलमध्ये ठेवत असाल तर A2 मध्ये पक्की तारीख टाका आणि शेजारच्या दोन घरांत एकेक ओळ लिहा:

```
=INT((280-(A2-TODAY()))/7)
=MOD(280-(A2-TODAY()),7)
```

पहिल्यात आठवडे येतात, दुसऱ्यात दिवस. उत्तराच्या जागी एखादी तारीखच दिसू लागली तर त्या घराचा प्रकार Number करा. आणि 10/06 लिहिल्यावर कॉम्प्युटरने त्याचं 6 ऑक्टोबर केलं नाही ना, तेवढं बघा.

हिशेब इथे संपला. अवघड आहे ते तीन तारखांतून एक निवडणं, आणि ते बाईशी बोलल्याशिवाय होत नाही. 23 ऑगस्ट म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिल्यांदा तान्हा पोळा आला. गेल्या वर्षी पोळा 22 ला होता आणि तान्हा पोळा 23 ला. आपल्याकडच्या बायका पाळीची तारीख कॅलेंडरवर नाही, सणावर लक्षात ठेवतात. पोळा, महालक्ष्म्या, दसरा, अखजी, नाहीतर गावची जत्रा. ही आठवण पुष्कळदा डायरीपेक्षा पक्की असते, कारण सणाच्या दिवशी पाळी आली की बाईला स्वयंपाकातून आणि देवापासून बाजूला बसावं लागतं. ते ती विसरत नाही. फक्त तो सण त्या वर्षी कोणत्या तारखेला होता ते कालनिर्णय उघडून बघा, अंदाजाने लिहू नका. सण दरवर्षी सरकतात.

पण पुढचे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ती तारीख कार्डावर घेऊ नका. पहिला, ही तारीख पाळी आली त्या दिवसाची की डोक्यावरून पाणी घेतलं त्या दिवसाची? बऱ्याच जणी न्हाणं झाल्याचा दिवस सांगतात, तिथेच चार-पाच दिवस जातात. दुसरा, ती पाळी नेहमीसारखी होती का? नुसते डाग गेले असतील तर ते गर्भ राहिल्यानंतरचे असू शकतात. मग खरी पाळी त्याच्या महिनाभर आधीची, आणि बाई आपण समजतो त्यापेक्षा चार आठवडे पुढे असते. तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त राहून जातो: पाळी किती दिवसांनी येते?

तुमच्या बाईला हा तिसरा प्रश्न असा विचारा: "कितीक दिसानं येते वं तुले?" माझा अंदाज आहे की उत्तर येईल, "सवा महिना लागतेच मले, कधी जास्तही." 280 दिवसांचा सगळा हिशेब 28 दिवसांच्या पाळीवर बसवलेला आहे. त्यात बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटतं असं गृहीत आहे. पाळी लांबते ती मुख्यतः बीज उशिरा सुटल्यामुळे. बीज सुटल्यानंतर पुढची पाळी यायला मात्र साधारण चौदाच दिवस लागतात. म्हणून ज्या बाईची पाळी 38 दिवसांनी येते तिचं बीज चोविसाव्या दिवसाच्या जवळपास सुटतं, आणि तिचा गर्भ पाळीच्या हिशेबापेक्षा दहा दिवसांनी लहान असतो. पाळी 28 पेक्षा जितके दिवस लांब, तितके दिवस प्रसूतीची तारीख पुढे. तुमच्या पहिल्या दोन तारखांत, 30 मे आणि 10 जून यांच्यात, फरक 11 दिवसांचा आहे. बाई सवा महिन्यानं पाळी येते म्हणाली तर तीही खरं बोलते आणि सोनोग्राफीही खरं बोलते.

तिने महिन्याच्या महिन्याला येते असं सांगितलं, तरीही मी 10 जूनच धरीन. 6 नोव्हेंबरचा रिपोर्ट काढून बघा. पाळीवरून त्या दिवशी 75 दिवस, म्हणजे 10 आठवडे 5 दिवस व्हायला हवे होते. 10 जून तारीख आली त्या अर्थी मशीनने 9 आठवडे 1 दिवस मोजले, म्हणजे 64 दिवस. त्या काळात बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजतात. रिपोर्टवर ती CRL म्हणून लिहिलेली असते आणि नऊ आठवड्यांच्या सुमारास अडीच सेंटीमीटरच्या जवळपास असते. त्या वयाची सगळी बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात. गरीब-श्रीमंत, सशक्त-अशक्त असा फरक तेव्हा फारसा दिसत नाही. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली लांबी वय सांगते आणि तिची चूक पाच ते सात दिवसांच्या आतच राहते.

पाळीची तारीख कधी सोडायची याची मर्यादा ठरलेली आहे. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने ती दिली आहे आणि आपल्याकडचे डॉक्टरही साधारण त्याच अंतराने जातात. 9 आठवड्यांच्या आत सोनोग्राफी झाली असेल तर पाच दिवसांपेक्षा जास्त फरक पडला की सोनोग्राफीची तारीख घ्यायची. 9 ते 16 आठवड्यांत सात दिवसांपेक्षा जास्त, 16 ते 22 मध्ये दहा, 22 ते 28 मध्ये चौदा आणि त्यानंतर एकवीस दिवसांपेक्षा जास्त. फरक त्याच्या आत असेल तर पाळीचीच तारीख राहते. तुमच्याकडे 11 दिवसांचा फरक आहे आणि मर्यादा सातची. म्हणून 30 मे गेली, 10 जून आली.

मग मार्चची 18 जून का नको, ती तर ताजी आहे? हा प्रश्न मला दर ट्रेनिंगमध्ये विचारतात. तारीख एकदाच ठरते. 12 मार्चला 10 जूनच्या हिशेबाने 27 आठवडे 1 दिवस होते आणि मशीनने 26 आठवडे दाखवले. फरक आठ दिवसांचा, म्हणजे तसाही मर्यादेच्या आत. पण मुख्य कारण वेगळं आहे. त्या वयात मशीन डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजतं आणि एवढ्या मापाचं बाळ सर्वसाधारणपणे किती आठवड्यांचं असतं ते छापतं. म्हणजे ते बाळाचं माप सांगतं, त्याचं वय सांगत नाही. रक्त कमी असलेल्या, बीपी वाढलेल्या किंवा सिकलसेल असलेल्या बाईचं बाळ पोटातच कमी वाढत असेल तर मशीन त्याला "लहान वयाचं" म्हणणार. आपण तारीख पुढे सरकवली की रिपोर्ट आणि तारीख छान जुळतात, आणि बाळाची वाढ थांबलेली कोणाच्या लक्षात येत नाही. तारीख एका जागी ठोकून ठेवली तरच बाळ मागे पडतंय हे दिसतं.

रिपोर्ट वाचताना एक काळजी घ्या. वरच्या ओळीत LMP आणि EDD(LMP) असं असेल तर ते मशीनने मोजलेलं नसतं, काउंटरवर बाईने सांगितलेली पाळी त्यात टाकलेली असते. मोजलेलं असतं ते AUA, म्हणजे मापांवरून काढलेलं सरासरी वय, आणि EDD(AUA) यांच्या पुढे. एका खासगी सेंटरचा रिपोर्ट माझ्याकडे आला होता, त्यात पाळीचा महिनाच चुकीचा टाकलेला होता, आणि पुढे तीन ठिकाणी तीच तारीख उतरवली गेली. कोणीही खालची मापं बघितली नव्हती.

या अकरा दिवसांनी काय बिघडतं ते आजच्याच दिवसावर बघा. समजा आज रात्री या बाईला कळा सुरू झाल्या. पाळीच्या तारखेने ती 34 आठवडे 2 दिवसांची. 34 च्या पुढे गेली म्हणून बाळाच्या फुप्फुसांसाठीचं डेक्सामेथासोन कोणाला आठवणार नाही. खऱ्या हिशेबाने ती 32 आठवडे 5 दिवसांची आहे. आपल्या सरकारी सूचनांप्रमाणे ते इंजेक्शन 24 ते 34 आठवड्यांत द्यायचं असतं, आणि एएनएमने पाठवण्याआधी पहिला डोस देऊन मग नवजात कक्ष असलेल्या रुग्णालयात पाठवायचं असतं. दुसऱ्या टोकाला, 10 जूनपर्यंत कळा आल्या नाहीत तर पाळीच्या तारखेने 41 आठवडे 4 दिवस दिसतील. घरचे घाबरतील, कोणीतरी कळा आणायची घाई करेल, आणि बाई तर त्या दिवशी नुकतीच 40 आठवडे पूर्ण करत असेल.

सगळ्यांच्या नशिबी नोव्हेंबरची सोनोग्राफी नसते. कापूस वेचणी संपल्यावर सहाव्या-सातव्या महिन्यात पहिल्यांदा येणाऱ्या बायका आपल्याकडे कमी नाहीत. अंगावरच्या दुधावरच दिवस गेलेली बाई असते, तिला मधे पाळी आलेलीच नसते. पाळणा लांबवायचं अंतरा इंजेक्शन घेणारीची पाळी आधीच विस्कटलेली असते. अशा बाईला पाळीची तारीख नाहीच असं लिहा, रकाना रिकामा दिसतो म्हणून अंदाजे तारीख भरू नका, कारण पुढची माणसं तिला खरी समजतात. पहिली जी सोनोग्राफी होईल तिचीच तारीख घ्या. 28 आठवड्यांनंतरची असेल तर तीन आठवडे इकडे-तिकडे होऊ शकतं, ते कार्डावरच लिहून ठेवा, म्हणजे प्रसूतीच्या वेळी डॉक्टर त्या हिशेबाने बघतील.

आता तुमच्या बाईचं कार्ड. तारीख बदलायची तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना दोन्ही रिपोर्ट दाखवा आणि त्यांची सही घ्या. पाळीच्या रकान्यात 23 ऑगस्ट तशीच राहू द्या, ती तिने सांगितलेली आहे. 30 मे वर एक आडवी रेघ मारा, शेजारी 10 जून लिहा आणि पुढे "6 नोव्हेंबरच्या सोनोग्राफीवरून, 9 आठवडे 1 दिवस" एवढं लिहा. मग बुधवार धरून मागे या: 29 एप्रिलला 34 आठवडे, 20 मेला 37. पुढे जा: 17 जूनला 41. या तीन तारखा कार्डाच्या कोपऱ्यात टिपून ठेवा, आशाताईलाही द्या. रात्री फोन आला तर भागाकार करत बसावं लागणार नाही.

9 मेला मातृत्व अभियानाच्या तपासणीला ती येईल तेव्हा 35 आठवडे 3 दिवसांची असेल. लघवीला जाऊन आल्यावर टेप लावून पोटाची उंची मोजा. 35 सेंटीमीटरच्या आसपास, दोन कमी-जास्त, असायला हवी. 32 किंवा त्याहून कमी भरली तर मार्चमधल्या त्या आठ दिवसांची गोष्ट डॉक्टरांना सांगा आणि बाळाच्या वाढीसाठी सोनोग्राफी लिहून घ्या. त्या रिपोर्टवरही नवी तारीख छापून येईल, ती कार्डावर उतरवू नका.